"वस्तू कृष्णविवरात कधीच पडत नाही": हिंगोली जिल्ह्यातल्या एका फलकाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान विभागातलं आहे. महाविद्यालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. मी शेजारच्या जिल्ह्यात हाच विषय शिकवतो. विभागप्रमुख मॅडमनी सल्ल्यासाठी बोलावलं म्हणून मी यात आलो. खगोलशास्त्रावर गावोगावी बोलणाऱ्या शिक्षकांना आणि विद्यार्थ्यांना उपयोग व्हावा, एवढ्यासाठी सविस्तर लिहितो आहे.

## पार्श्वभूमी

औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा उभी राहते आहे. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेल्या या प्रकल्पासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपये मंजूर केले. तेव्हापासून या भागात कृष्णविवर हा शब्द चहाच्या टपरीवरही ऐकू येतो. जमिनीला काय भाव आला यापासून सुरू झालेली चर्चा "ते यंत्र नेमकं ऐकणार काय?" इथवर येते.

ही मागणी ओळखून विभागाने पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून एक फिरतं प्रदर्शन तयार करून घेतलं. शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या सभागृहात फलक लावायचे आणि मुलांनी उभं राहून समजावून सांगायचं, असा बेत होता. कृष्णविवराच्या फलकावर मधोमध मोठ्या अक्षरात एक वाक्य होतं: "बाहेरून पाहणाऱ्याला वस्तू क्षितिजावर गोठलेली दिसते. ती कृष्णविवरात कधीच पडत नाही."

क्षितिज म्हणजे कृष्णविवराभोवतीची ती सीमा, जिच्या आतून प्रकाशही बाहेर येत नाही. फलकावरचं पहिलं वाक्य पुस्तकातलं. दुसरं विद्यार्थ्यांनी त्यावरून काढलेलं. फलक तपासणाऱ्या दोघाही प्राध्यापकांना त्यात काही खटकलं नाही, आणि त्यात नवल नाही. ही दोन वाक्यं गेली कित्येक वर्षं लोकप्रिय लेखनात हातात हात घालून फिरत आहेत.

## अडचण

एका गावात प्रदर्शन चालू असताना निवृत्त मुख्याध्यापक असलेले एक गुरुजी फलकासमोर बराच वेळ थांबले. मग त्यांनी समजावणाऱ्या विद्यार्थिनीला विचारलं, "बाळ, कधीच काही पडत नाही म्हणतीस. मग ते मोठं होतं कसं? आणि दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली म्हणून तो आवाज आला, असं तुमचाच पलीकडचा फलक सांगतो. पहिल्यानं दुसऱ्याला गिळलंच नाही, तर मिसळलं कोण?"

पलीकडच्या फलकावर १४ सप्टेंबर २०१५ ची नोंद होती. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरं एकत्र आली, ६२ पट वस्तुमानाचं एक उरलं आणि तीन सूर्यांइतकं वस्तुमान गुरुत्वीय लहरींच्या रूपात निघून गेलं. लायगोच्या अमेरिकेतल्या दोन यंत्रांनी हे टिपलं. सगळा संकेत सेकंदाच्या पाचव्या भागात आटोपला. म्हणजे एक फलक म्हणत होता की पडायला अनंत काळ लागतो, आणि त्याच्या शेजारचा म्हणत होता की पाव सेकंदाच्या आत सगळं उरकलं.

विद्यार्थिनी गोंधळली. "तो फक्त भास असतो, गुरुजी," असं काहीतरी बोलून तिने वेळ मारून नेली. गुरुजींचं समाधान झालं नाही. तिचंही झालं नव्हतं, म्हणूनच प्रश्न विभागापर्यंत पोचला.

## समोर असलेले पर्याय

पुढचं प्रदर्शन तोंडावर होतं. बैठकीत तीन सूचना आल्या.

पहिली सूचना होती, वाक्यच काढून टाका. वस्तू पडते, तिचं वस्तुमान कृष्णविवरात जमा होतं, विषय संपला. यात खोटं काही नाही. पण काळ थांबल्यासारखा दिसतो हे लोकांनी आधीच ऐकलेलं असतं. तोच प्रश्न उद्या दुसऱ्या गावात येणार, आणि तेव्हा फलक गप्प राहणार. शिवाय "बाहेरच्याला क्षितिज ओलांडताना वस्तू कधीच दिसत नाही" हे विधान गणिताने पक्कं आहे. खरी गोष्ट अडचणीची ठरते म्हणून झाकून ठेवणं मला पटलं नाही.

दुसरी सूचना मॅडमची होती. विद्यार्थिनीने दिलेलंच उत्तर नीट लिहा, की हा दृष्टिभ्रम आहे. वरवर पाहता हे सोपं वाटतं, पण अर्धंच खरं आहे. कृष्णविवराजवळ रॉकेटच्या जोरावर एका जागी तरंगत राहिलेलं घड्याळ खरोखर हळू चालतं. ते परत आणून आपल्या घड्याळाशेजारी ठेवलं तर ते मागे पडलेलं असतं, आणि तो फरक नंतरही पुसला जात नाही. पृथ्वीभोवतीच्या जीपीएस उपग्रहांची घड्याळं गुरुत्वाकर्षण आणि वेग या दोन्हींचा हिशेब धरून दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे जातात. ती दुरुस्ती केली नाही तर नकाशावरचा ठिपका भरकटतो. याला भ्रम म्हणायचं कसं?

तिसरी सूचना एका विद्यार्थ्याची. तो वर्गात फारसा बोलत नाही, पण संगणकावरच्या कोष्टकात त्याचा हात चांगला आहे. तो म्हणाला, "सर, गोठते म्हणजे किती वेळात किती गोठते, ते काढू या ना." वाक्य ठेवायचं, पण पडणारा दिवा दर सेकंदाला एक ठोका पाठवतो असं धरून बाहेरच्याला कोणता ठोका केव्हा मिळतो याचा हिशेब करायचा.

तिसरा पर्याय निवडला. वेळ जास्त लागणार होता आणि पुढचं प्रदर्शन जुन्याच फलकावर कागद चिकटवून भागवावं लागणार होतं. मॅडमनी ते मान्य केलं.

## काय केलं

### तरंगणारं घड्याळ आणि पडणारं घड्याळ

पहिलं कोष्टक तयार झालं तेव्हाच एक गोष्ट उघड झाली. विद्यार्थ्यांनी सूत्र वापरलं होतं ते √(1 − r_s/r). यात r_s म्हणजे क्षितिजाची त्रिज्या आणि r म्हणजे केंद्रापासूनचं अंतर. हे सूत्र बरोबर आहे, पण एका जागी तरंगत राहिलेल्या घड्याळासाठी. आपला दिवा तर पडतो आहे. तो आपल्यापासून दूर पळतो आहे, म्हणून त्याच्या ठोक्यांमधलं अंतर गुरुत्वाकर्षणामुळे वाढतं तसंच पळण्यामुळेही वाढतं. दूरवरून अलगद सोडलेल्या आणि सरळ आत पडणाऱ्या दिव्यासाठी दोन्ही परिणाम एकत्र केले की सूत्र येतं:

1 − √(r_s/r)

फरक किती पडतो? क्षितिजाच्या दुप्पट अंतरावर तरंगणारं घड्याळ बाहेरच्याला ७१ टक्के वेगाने चालताना दिसतं, तर पडणारं फक्त २९ टक्के. गोठण्याच्या बहुतेक वर्णनांत ही दोन घड्याळं एकमेकांत मिसळलेली असतात आणि गोंधळाचं मूळ बऱ्याच वेळा इथेच असतं. तरंगणाऱ्या घड्याळाचं मंद चालणं परत येऊन तपासता येतं. क्षितिज ओलांडणारं घड्याळ परत येत नाही. त्याच्याबद्दल बाहेरच्याकडे फक्त येणारे ठोके असतात. म्हणून "काळ थांबला" हे विधान खरं तर ठोके केव्हा पोचतात याबद्दलचं विधान आहे.

हे सूत्र समजावायला मी पूर्णा नदीचा आधार घेतला, कारण सिद्धेश्वर धरणातून पाणी सुटल्यावर नदी कशी धावते हे या मुलांनी पाहिलेलं आहे. अवकाश हे आत वाहणारं पाणी समजा. केंद्रापासून r अंतरावर त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या √(r_s/r) पट. दूरवर पाणी जवळजवळ संथ, क्षितिजावर त्याचा वेग बरोबर प्रकाशाइतका आणि आत त्याहून जास्त. प्रकाश म्हणजे या पाण्यातला मासा, जो पाण्याच्या तुलनेत नेहमी एकाच वेगाने पोहतो. दिवा ओंडक्यासारखा पाण्याबरोबर वाहतो आहे आणि दर सेकंदाला एक मासा वरच्या अंगाला सोडतो आहे. दूर असताना सोडलेले मासे झपाट्याने निघून येतात. क्षितिजाच्या अगदी अलीकडे सोडलेल्या माशाचा वेग आणि पाण्याचा वेग जवळपास सारखाच, म्हणून तो इंच इंच लढवत बराच वेळ तिथेच रेंगाळतो आणि उशिरा पोचतो. क्षितिजावर सोडलेला मासा जागच्या जागी पोहत राहतो. त्यानंतरचे वाहून जातात. ओंडका मात्र कुठेच थांबलेला नसतो.

ही नुसती गोष्ट नाही. पेनलेव्हे आणि गुलस्ट्रँड यांनी १९२१-२२ च्या सुमारास स्वतंत्रपणे लिहिलेली गणिती मांडणी हेच सांगते. मात्र तिचा हा अर्थ तेव्हा कोणाच्या ध्यानात आला नाही. श्वार्झशिल्डने १९१६ मध्ये वापरलेली काळाची मोजणी क्षितिजावर बिघडते. ती दूरवरच्या निरीक्षकासाठी सोयीची, म्हणून तीच पुस्तकांत रुळली. ओपनहायमर आणि स्नायडर यांनी १९३९ मध्ये कोसळणाऱ्या ताऱ्याचं गणित करून दोन्ही निष्कर्ष एकाच लेखात दिले होते: ताऱ्याबरोबर जाणाऱ्याला मर्यादित वेळ लागतो, आणि बाहेरच्याला तारा क्षितिजाशी येऊन थबकल्यासारखा दिसतो. तरीही "गोठलेला तारा" हे नाव पुढे बरीच वर्षं चाललं. क्षितिज ही एकाच दिशेने ओलांडता येणारी सीमा आहे हे १९५८ मध्ये डेव्हिड फिंकेलस्टाइनने मांडल्यावर हळूहळू मतं बदलली. मोठमोठ्यांना जिथे वेळ लागला तिथे तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी अडखळणं अगदी साहजिक आहे.

### कोणतं कृष्णविवर घ्यायचं

हा दुसरा निर्णय. मूळ फलकावर सूर्याच्या दहापट वस्तुमानाचं कृष्णविवर होतं. त्याच्या क्षितिजाची त्रिज्या सुमारे ३० किलोमीटर. तिथे सगळं मिलीसेकंदाच्या हिशेबात घडतं आणि ऐकणाऱ्याच्या मनात काही उभं राहत नाही. शिवाय क्षितिजापाशी पोचेपर्यंत डोकं आणि पाय यांच्यावरच्या ओढीतला फरक दर मीटरला पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे कोटीपट होतो. दिवा तिथवर शाबूत जाणारच नाही, आणि मग श्रोते त्या चिंधड्यांबद्दलच विचारत बसतात.

म्हणून आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातलं कृष्णविवर घेतलं. त्याचं वस्तुमान सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट, क्षितिजाची त्रिज्या सुमारे १ कोटी २७ लाख किलोमीटर. हे अंतर कापायला प्रकाशाला ४२ सेकंद लागतात. ओढीतला फरक इथे मीटरला हजारांश मीटर प्रति सेकंद वर्गाहूनही कमी, म्हणजे माणसाला जाणवणारही नाही. दिवा क्षितिज ओलांडतो तेव्हा त्याला काहीही वेगळं घडल्याचं कळत नाही. क्षितिजापासून केंद्रापर्यंत त्याच्या स्वतःच्या घड्याळाने २८ सेकंद.

### ठोक्यांचं कोष्टक

दिव्याच्या घड्याळात क्षितिज म्हणजे शून्य. "दहा" हा ठोका क्षितिजाआधी दहा सेकंद पाठवलेला. तो बाहेरच्याला मिळाला की त्याने आपलं घड्याळ सुरू करायचं. दिवा हिरवा आहे.

| ठोका, क्षितिजाआधी | बाहेर केव्हा मिळतो | लहरींची लांबी किती ताणली जाते |
|---|---|---|
| १० सेकंद | ० | १० पट |
| १ सेकंद | ३ मिनिटं ३३ सेकंद | ८७ पट |
| ०.१ सेकंद | ६ मिनिटं ५० सेकंद | ८५० पट |
| ०.०१ सेकंद | १० मिनिटं ५ सेकंद | ८,५०० पट |
| दशलक्षांश सेकंद | २३ मिनिटं | सुमारे साडेआठ कोटी पट |
| शून्य | कधीच नाही | |

शेवटची ओळ म्हणजे फलकावरचं मूळ वाक्य. ती खरीच आहे. पण तिच्या वरच्या ओळींकडे पाहिलं की चित्र पालटतं. क्षितिजाच्या दहापट जवळ जायची "किंमत" दर वेळी सारखीच आहे: सव्वातीन मिनिटं. अनंतापर्यंतचा काळ अशा सव्वातीन-सव्वातीन मिनिटांच्या पायऱ्यांनी बनलेला आहे, आणि प्रत्येक पायरीत दिव्याकडे सांगायला उरलेला वेळ दहापट कमी आहे.

मग विद्यार्थ्यानेच विचारलं, "सर, पायऱ्या किती उरतात?" हा या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला प्रश्न. हिरव्या प्रकाशाच्या एका लहरीला सेकंदाच्या सुमारे दोन भागिले दहाचा पंधरावा घात इतका वेळ लागतो. कोष्टकानुसार बाहेरच्या घड्याळात साधारण ५० मिनिटं झाली की क्षितिजाआधी दिव्याजवळ तेवढाही वेळ शिल्लक नसतो. म्हणजे त्यानंतरच्या सगळ्या भविष्यात, लाखो वर्षांत, बाहेरच्याला मिळायला एक पूर्ण लहरही उरलेली नाही. प्रकाशकणांच्या भाषेत सांगायचं तर एक वॅटचा हिरवा दिवा सेकंदाला सुमारे अडीच गुणिले दहाचा अठरावा घात इतके कण सोडतो. क्षितिजाआधीचा शेवटचा कण बाहेर पोचतो तो तासाभराच्या आसपास. दिवा अब्जपट प्रखर केला तरी आणखी नऊच पायऱ्या वाढतात, म्हणजे जेमतेम अर्धा तास.

डोळ्यांनी तर गोठणं दिसणारच नाही. हा हिरवा दिवा क्षितिजाच्या बारापट अंतरावर असतानाच त्याचा प्रकाश ताणला जाऊन तांबड्याच्या पलीकडे गेलेला असतो. कोष्टकातला "दहा" हा ठोका अवरक्त किरणांत येतो आणि दशलक्षांश सेकंदाचा ठोका सुमारे ४० मीटर लांबीच्या रेडिओलहरीत. चित्रांमध्ये क्षितिजाला चिकटून कायमचा लटकलेला अंतराळवीर दाखवतात, तसा तो कोणालाही दिसणार नाही. त्याची प्रतिमा मंद होते, लाल होते आणि काही मिनिटांत विझते.

### मग मिसळलं कोण

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर आता आवाक्यात आलं होतं. दर पायरीची लांबी कृष्णविवराच्या वस्तुमानाच्या प्रमाणात असते. सूर्याच्या ६२ पट वस्तुमानासाठी ती सव्वातीन मिनिटांऐवजी तीन मिलीसेकंदांहूनही कमी भरते. दोन कृष्णविवरं भेटली की त्यांच्याभोवतीचं ओबडधोबड गुरुत्वक्षेत्र स्वतःला नीट करून घेतं, आणि त्यातला शेवटचा खडबडीतपणा लहरींच्या रूपाने याच प्रकारच्या मापात ओसरतो. बंगळूरुचे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी १९७० मध्ये कागदावर दाखवलं होतं की डिवचलेलं कृष्णविवर ठरावीक सुरात झणझणतं आणि लगेच शांत होतं. २०१५ च्या संकेताचं शेपूट तसंच काही मिलीसेकंदांत विरलं. काटेकोर भाषेत "शून्याचा ठोका" इथेही आलेला नाही. पण त्याची वाट पाहायची गरज नाही, कारण त्याच्या आधीच बाहेरचं क्षेत्र एकाच मोठ्या कृष्णविवराचं झालेलं असतं आणि मोजता येईल असा कोणताही फरक उरत नाही.

वाढीबद्दल आणखी एक गोष्ट फलकावर घातली. पडणाऱ्या वस्तूला स्वतःचं वस्तुमान असतं. क्षितिज जुन्या जागी बसून वाट पाहत नाही. एका सूर्याइतकं वस्तुमान आत आलं तर क्षितिजाची त्रिज्या सुमारे तीन किलोमीटरने वाढते, आणि ही वाढ वस्तू जुन्या क्षितिजाला टेकण्याच्या आधीच सुरू होते.

## निष्पत्ती

नव्या फलकावर मधोमध कोष्टक आलं आणि त्याखाली विद्यार्थ्यांनीच तयार केलेलं वाक्य: "दिवा पडतो. थांबल्यासारखा दिसतो तो त्याचा मागे रेंगाळलेला प्रकाश, आणि तोही तासाभरात संपतो." मॅडमना "संपतो" हा शब्द आधी धाडसी वाटला. कणांचा हिशेब पाहिल्यावर त्यांनीच तो ठेवायला सांगितला.

पुढच्या प्रदर्शनाला गुरुजींना मुद्दाम बोलावलं. त्यांनी कोष्टक बोटाने ओळ ओळ वाचलं, मान डोलावली आणि लगेच पुढचा प्रश्न टाकला. "हे झालं आपल्याकडून. आता तो जो आत चालला, त्यानं मागं वळून पाहिलं तर? त्याला आपला काळ भरभर पळताना दिसंल. पुढची हजारो वर्षं एका क्षणात बघून घेईल की तो."

हा समजही सर्वत्र आहे आणि तर्काने तो अगदी बरोबर वाटतो: आपल्याला तो थांबलेला, तर त्याला आपण धावलेले. या वेळी विद्यार्थिनी थांबली नाही. तिने नदी उलटी वापरली. मागून येणारे मासे पाण्याच्या दिशेने पोहताहेत आणि ओंडकाही त्याच दिशेने वाहतो आहे, म्हणून ते त्याला पाठीमागून उशिरा गाठतात. सूत्रात वजाच्या जागी अधिक येतो आणि तो भागाकारात जातो: 1/(1 + √(r_s/r)). क्षितिजावर याची किंमत बरोबर अर्धी. म्हणजे क्षितिज ओलांडताना पडणाऱ्याला आपली घड्याळं निम्म्या वेगाने चालताना दिसतात. धावताना तर नाहीच. क्षितिजानंतरच्या त्याच्या २८ सेकंदांत त्याला आपल्याकडचे फक्त १२ सेकंद पाहायला मिळतात. आपलं भविष्य भरभर दिसायचं तर क्षितिजाच्या अगदी जवळ पाण्याविरुद्ध जोर लावून तरंगत राहावं लागेल, पडून चालणार नाही.

गुरुजी हसले. "म्हणजे दोघांनाही दुसराच हळू दिसतो," ते म्हणाले. "मग भांडण मिटलं." नेमकेपणाने ते पूर्ण बरोबर नाही, कारण दोन्ही बाजूंचे आकडे सारखे नाहीत. पण त्या सभागृहात यापेक्षा चांगलं वाक्य कोणी बोललं नाही.

## वेगळं काय करता आलं असतं

फलकावर "वेळ" हा शब्द जिथे जिथे येतो तिथे "कोणाच्या घड्याळाने" हे लिहायला हवं होतं. मूळ दुसऱ्या वाक्यात ते नव्हतं. "कधीच" हे बाहेरच्याला मिळणाऱ्या ठोक्यांबद्दल होतं आणि "पडत नाही" हे वस्तूबद्दल. एवढी एक तपासणी छापायच्या आधी केली असती तर प्रश्न आलाच नसता, असं मॅडम म्हणतात. मला वाटतं प्रश्न आला हे बरंच झालं, पण त्यांचा मुद्दा खरा आहे.

दोन्ही फलक वेगवेगळ्या गटांनी केले आणि कोणीही शेजारी ठेवून वाचले नाहीत. एकमेकांविरुद्ध विधानं अशीच निसटतात. आता छापायच्या आधी एका गटाने दुसऱ्याच्या फलकावर प्रश्न काढायचे, असं ठरलं आहे.

ताणलेल्या रबरी चादरीवर गोटी फिरवण्याचा प्रयोग अजून प्रदर्शनात आहे. तो काढावा असं माझं मत आहे. त्यात गोटी घसरते ती पृथ्वीच्याच गुरुत्वाकर्षणाने, आणि काळाचं त्यात काहीच दिसत नाही. इथे सगळी गंमत काळाची आहे. पण मुलांची गर्दी तिथेच होते, म्हणून विभागाने तो ठेवला. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

राहिलेलं काम म्हणजे फिरणारी कृष्णविवरं. वरचा सगळा हिशेब न फिरणाऱ्या कृष्णविवराचा आणि सरळ आत पडणाऱ्या दिव्याचा आहे. प्रत्यक्षातली कृष्णविवरं फिरतात. २०१५ चं उरलेलंही वेगाने फिरत होतं. तिथे नदी नुसती आत वाहत नाही, भोवऱ्यासारखी वळतेही, आणि पायऱ्यांची लांबी बदलते. फिरणं जितकं जास्त तितकी प्रत्येक पायरी लांब. त्यासाठीचं कोष्टक तोच विद्यार्थी सध्या करतो आहे. सोबत एम-८७ दीर्घिकेतल्या साडेसहा अब्ज सूर्यांच्या कृष्णविवराचाही एक रकाना घालायचा विचार आहे. तिथे न फिरणारं धरलं तरी एकेक पायरी सुमारे साडेतीन दिवसांची भरते, म्हणजे दिवा विझायला दोन महिने लागतील. फलकावर तेवढी जागा आहे का, एवढंच पाहायचं राहिलं आहे.